रामादव कोण होता?

भाच्याने फोनवर एक फोटो पाठवला. त्याच्या सासुरवाडीला, कोकणातल्या एका गावात, देवळामागे कमरेएवढा दगड उभा आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये सातआठ ओळी, खाली शेंदराने बरबटलेली काहीतरी आकृती. सोबत निरोप : ‘मामा, गावातले म्हणतात मोडीत आहे. तुम्ही भाषांतरं करता ना? एवढ्याचं आजच्या मराठीत करून द्या. पाटी लावायची आहे.’

मोडी नव्हती हे तर दिसतच होतं. आपल्याकडे वाचता न येणारी प्रत्येक देवनागरी मोडी ठरते. मोडी ही मुख्यतः कागदावर बोरूने झरझर लिहायची लिपी. दगडावर ती क्वचित आढळते. फोटोतली अक्षरं जुन्या नागरीतली होती. शिवाय कोणीतरी मेहनत घेऊन ती पांढऱ्या ऑइलपेंटने गिरवली होती, त्यामुळे ठसठशीत दिसत होती. पहिल्या ओळीत मला ‘श्रीरामादव’ दिसलं. श्रीराम आहे, पुढे काहीतरी झिजलंय, असं धरून मी ‘श्रीरामाच्या कृपेने’ अशी सुरुवात करून अर्ध्या तासात मजकूर जुळवला आणि पाठवण्याआधी एका स्नेह्यांना दाखवला. त्यांचं अर्धं आयुष्य शिलालेख वाचण्यात गेलं आहे. त्यांचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. ‘ते रामदेव आहे, राजाचं नाव असावं. बाकीचं सांगत नाही, कारण रंगवलेलं मी वाचत नाही.’

मी देवाला नमस्कार घालत होतो आणि दगड बहुधा राजाचं नाव सांगत होता. ही चूक माझ्या हातून कशी झाली ते जरा सविस्तर सांगतो, कारण जुनी लिपी आणि आजची लिपी यांत नेमका काय फरक आहे ते त्यात दिसतं.

आज आपण ‘दे’ लिहिताना ‘द’वर मात्रा देतो. यादवकाळातल्या आणि त्याआधीच्या नागरीत ही मात्रा बरेचदा अक्षराच्या डोक्यावर नसे. ती अक्षराच्या आधी, डाव्या बाजूला, उभ्या रेघेच्या रूपात येई. तिला पडिमात्रा किंवा पृष्ठमात्रा म्हणतात. आता गंमत अशी, की ही उभी रेघ आपल्या कान्यासारखीच दिसते. आजचा डोळा कोणतीही उभी रेघ आधीच्या अक्षराला चिकटवतो. ‘रामदेव’ हा शब्द पडिमात्रेने कोरला तर ‘राम’, मग रेघ, मग ‘दव’ असा येतो. आपण वाचतो ‘रामादव’. दगडावर शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ओळ संपली की शब्द मधूनच तुटून पुढच्या ओळीत जातो. त्यामुळे ‘श्रीरामा’ हा ओळखीचा तुकडा दिसला की डोळा तिथेच समाधान मानतो आणि उरलेल्या ‘दव’ला झिजलेलं ठरवून मोकळा होतो.

ओकाराचं आणखी अवघड. ‘सो’ लिहायचा तर ‘स’च्या आधी एक उभी रेघ आणि नंतर काना. म्हणजे दोन रेघांच्या मधे ‘स’. त्यातली पहिली रेघ तुम्ही आधीच्या अक्षराला दिलीत, की ओकार गेला आणि हातात उरला ‘सा’. भरीला भर म्हणजे एकाच दगडावर काही मात्रा डोक्यावर आणि काही डावीकडे असंही असतं, कारण ही पद्धत हळूहळू मागे पडत होती आणि कोरणारा दोन्ही जाणत होता. म्हणून ‘या लेखात सगळीकडे पडिमात्रा आहे’ असा एकच नियम धरूनही चालत नाही. प्रत्येक रेघ डावीकडची की उजवीकडची, हे त्या त्या ठिकाणी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला त्या काळचे शब्द, राजांची नावं, बिरुदं आधीच माहीत असावी लागतात.

मात्रेपलीकडे अक्षरांचंही आहे. ‘ब’ आणि ‘व’ एकाच खुणेने लिहिलेले असतात. ‘ख’ऐवजी ‘ष’ येतो. ‘लिषित’ दिसलं तर ते ‘लिखित’. प, य आणि पोटातली रेघ झिजलेला ष यांत कधीकधी केसाएवढा फरक असतो. च, व आणि ध हे असंच एक त्रिकूट. हे सगळं तक्त्यात पाठ करता येतं, पण तक्त्यातली अक्षरं स्वच्छ असतात. दगडावरची आठशे वर्षं पावसात उभी असतात.

मग स्नेह्यांनी रंगवलेलं वाचायला नकार का दिला? कारण रंग भरणाऱ्याने आधीच एक वाचन करून ठेवलेलं असतं. त्याला जी खाच अक्षराचा भाग वाटली ती त्याने भरली, जी नुसता टवका वाटली ती सोडली. एखादी खरी रेघ उथळ होती म्हणून राहून गेली, एखाद्या नैसर्गिक चिरेला मात्रेचा मान मिळाला. मग आपण दगडाचा फोटो पाहतोय असं वाटतं. प्रत्यक्षात गावातल्या पेंटरचं हस्ताक्षर पाहत असतो. खडू, रांगोळी किंवा पीठ चोळून काढलेल्या फोटोचीही हीच गत. ऑइलपेंट सर्वांत वाईट, कारण तो खाचेत जाऊन बसतो आणि काढायला गेलं तर दगडाचा पापुद्राही घेऊन येतो.

वाचणारे लोक पूर्वीपासून दगडाचा ठसा घेत आले आहेत. दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतात, त्यावर ओला कागद बसवतात आणि दाट केसांच्या ब्रशने तो ठोकून ठोकून प्रत्येक खाचेत उतरवतात. कागद जरा सुकला की कापडाच्या बोंडीने काळी शाई हलक्या हाताने टिपत जातात. जिथे दगडाचा पृष्ठभाग आहे तिथे कागद काळा होतो, जिथे खाच आहे तिथे पांढरा राहतो. अशी काळ्यावर पांढरी अक्षरं समोर येतात. ठशाचा मोठा फायदा म्हणजे तो खोली दाखवतो. छिन्नीने मारलेली रेघ आत एकसारखी जाते, कडा धारदार असतात. दगडाची चीर वेडीवाकडी जाते आणि अक्षराच्या बाहेरही चालू राहते. फोटोत दोन्ही काळ्या रेघाच.

फोटो निरुपयोगी असतो असं मात्र नाही. भर दुपारी समोरून काढलेला, फ्लॅश मारलेला फोटो निरुपयोगी असतो. खाचेत सावली पडली तरच अक्षर उठतं, आणि सावली पडायला उजेड बाजूने, दगडाला घासून यावा लागतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन चालतं. त्याहून चांगलं म्हणजे अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून काढलेले फोटो : एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, एकदा खालून. डावीकडून आलेल्या उजेडात उभ्या रेघा उठतात, वरून आलेल्या उजेडात शिरोरेघा आणि आडव्या रेघा. एकाच फोटोवर विसंबलं तर निम्म्या रेघा उजेडाने गिळलेल्या असतात. ज्या रेघेवर रामदेवाचा राम होतो, ती नेमकी उभी रेघ असते.

आता एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. अलिबागजवळच्या आक्षी गावचा शिलालेख. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याचं नाव पहिलं घेतलं जातं, ते डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनामुळे. त्यांनी लेखातलं वर्ष शके 934 असं वाचलं आणि तारीख बसवली शुक्रवार, 16 मे 1012. लेखात कोकणचा राजा केशिदेवराय आणि त्याचा महाप्रधान यांचा उल्लेख आहे. अडचण अशी, की उत्तर कोकणच्या शिलाहारांत केशिदेव नावाचा राजा पुढे तेराव्या शतकातही होऊन गेला. त्यामुळे आकडे वेगळे वाचून हा लेख जवळजवळ दोनशे वर्षं अलीकडे आणणारे अभ्यासकही झाले. म्हणजे वाद आहे तो झिजलेल्या दगडावरच्या तीनचार खुणांचा. पण त्यांवर मराठीचं लिखित वय अवलंबून आहे.

असा वाद नुसत्या आकड्यांकडे टक लावून मिटत नाही. तज्ज्ञ दगडावरच दुसरा साक्षीदार शोधतो, आणि तो बहुतेक लेखांत असतो : संवत्सराचं नाव. साठ संवत्सरांचं चक्र आजही आपल्या पंचांगात आहे. दक्षिणेकडच्या गणनेचा हिशेब सोपा आहे. शकाच्या आकड्यात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी उरेल तेवढावा संवत्सर, प्रभव पहिला. खात्री करायची तर शके 1947 घ्या. 12 मिळवून 1959, साठने भागून बाकी 39. एकोणचाळिसावा विश्वावसु. 2025 च्या गुढीपाडव्याला पंचांगात हेच नाव होतं.

आता आक्षी. 934 मध्ये 12 मिळवले की 946, बाकी 46. सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी. लेखाच्या छापील वाचनात संवत्सराचं नाव ‘प्रधावी’ असं आहे. ‘परिधावी’च कोरणाऱ्याच्या बोलीतून आलेलं. जुळतं. मग वार आणि पक्ष. लेखात शुक्रवार आणि वद्य पक्ष आहे. 16 मे 1012 ला शुक्रवार येतो आणि अमावास्या आठवडाभरावर असते. म्हणजे वर्ष, संवत्सर, वार आणि चंद्र असे चौघे एकच गोष्ट सांगतात. दुसऱ्या बाजूने समजा कोणी 1132 वाचलं. 12 मिळवून 1144, बाकी 4. चौथा संवत्सर प्रमोद. तेव्हा 1132 म्हणणाऱ्याला ‘प्रधावी’च्या जागी ‘प्रमोद’ वाचून दाखवावं लागेल.

इथे हसण्यावारी नेऊ नका. दोन्ही शब्द ‘प्र’ने सुरू होतात. आणि पडिमात्रेने ‘प्रमोद’ कोरला तर तो कसा दिसेल? ‘प्र’, मग रेघ, मग ‘मा’, मग ‘द’. पहिली रेघ झिजली की उरतं ‘प्रमाद’, आणि ‘प्रमादी’ नावाचा वेगळाच संवत्सर यादीत सत्तेचाळिसावा आहे. ‘प्रमाथी’ आहे तो तेरावा. एका उभ्या रेघेच्या असण्या-नसण्याने चौथं वर्ष सत्तेचाळिसावं होतं, म्हणजे त्रेचाळीस वर्षांची उडी. त्या रेघेवर फोटोत उजेड पडला की सावली, यावर हे सोडून देणार का? भाषांतर करणाऱ्याने ‘इसवी सन 1012’ लिहिताना या सगळ्या खटाटोपाचा शेवटचा आकडा फक्त उचललेला असतो. हा खटाटोप कोणी केलेला नसेल, तर तो आकडा लिहूच नये.

माझ्या मते तुळपुळ्यांची बाजू भक्कम आहे, कारण तिथे आकडा, नाव, वार आणि पक्ष एकमेकांना धरून आहेत. पण हे मी वाचलेल्या वाचनांवरून म्हणतो. दगडावर हात फिरवून नव्हे.

वाचन पक्कं झालं म्हणजे भाषांतर सोपं, असं वाटत असेल तर पाटण्याला जाऊ या. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या देवळात एक लेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्यापन व्हावं म्हणून त्याने मठ काढला आणि स्थानिक राजांनी त्या मठाला उत्पन्न नेमून दिलं, अशी ती हकीकत. बराचसा लेख संस्कृत पद्यात आहे. पण शेवटी, मठाला बाजारातून काय काय मिळायचं ते सांगताना, लेख सरळ मराठीत उतरतो. कारण उघड आहे : ते तेल्याला आणि वाण्याला कळायला हवं होतं.

या मराठीत ‘केणें’ आहे. पाटणात जे केणें विक्रीला निघेल त्यावर अमुक. केणें म्हणजे विकायचा माल. आजच्या मराठीत हा शब्द आडनावापुरता उरलाय, त्यामुळे घाईत वाचणारा ‘केणें’ला ‘केलें’ करतो. ण आणि ल झिजल्यावर फारसे वेगळे दिसतही नाहीत आणि ‘जें केलें’ हा अर्थ लागतोसुद्धा. चुकीचं वाचन अर्थहीन निघालं तर बरं असतं, लगेच कळतं. अर्थ लागणारं चुकीचं वाचन शंभर वर्षं टिकतं.

पुढे ‘दीन्हला’, ‘दीन्हली’ अशी रूपं आहेत. आजच्या कानाला ती हिंदीकडची वाटतील, पण ती तेव्हाच्या मराठीतलीच. अर्थ ‘दिला’, ‘दिली’. तेलाच्या घाण्यांबद्दल लिहिताना ‘वाहति’ हे क्रियापद आहे. जितके घाणे वाहतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल मठाला. इथे घाणा ‘वाहतो’ म्हणजे चालतो. तेल वाहण्याशी त्याचा संबंध नाही. आणि मग माझं सर्वांत आवडतं : गिऱ्हाइकाकडून ‘पांच पोफळी’. कोकणातल्या माणसाला पोफळी म्हटलं की सुपारीची झाडंच दिसणार. माझ्या भाच्याच्या सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणतील, पाच झाडं दिली म्हणजे दानत मोठी. पण गिऱ्हाईक बाजारात झाड घेऊन येत नाही. जुन्या मराठीत पोफळ म्हणजे सुपारीचं फळ आणि इथे हिशेब पाच सुपाऱ्यांचा आहे. वाचनात एकही अक्षर न चुकता भाषांतरात पाच सुपाऱ्यांच्या जागी पाच झाडं उभी राहू शकतात. हे टाळायला लिपी येणं पुरत नाही. त्या काळातले कर, मापं आणि देण्याघेण्याच्या रिती माहीत असलेला माणूस लागतो. तो बरेचदा लिपी वाचणाराच असतो, कारण अर्थ माहीत असल्याशिवाय झिजलेलं अक्षर ठरवता येत नाही. वाचन आणि अर्थ हे एकमेकांच्या खांद्यावर चढतात.

याच लेखात वर्ष शके 1128 आणि संवत्सर प्रभव असं आहे. आपला हिशेब लावून बघा : 1128 अधिक 12 म्हणजे 1140, साठने पूर्ण भाग जातो, म्हणजे साठावा क्षय संवत्सर. प्रभव त्याच्या पुढचा, शके 1129 चा. ज्योतिषाच्या मठाच्या लेखातच आकडा एकाने हुकलेला! लेखात श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचाही उल्लेख आहे आणि त्यावरून दान 1207 च्या ऑगस्टमधलं धरतात. इथे भाषांतर करणाऱ्याच्या हाताला खाज सुटते : ‘शके 1129’ लिहून टाकू, बरोबर तेच आहे. तसं करायचं नाही. दगडावर 1128 आहे, भाषांतरात 1128 च येणार, उरलेलं टिपेत. कोरलेलं काय आहे आणि आपल्याला काय वाटतं, या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळल्या की पुढच्या माणसाला त्या सोडवता येत नाहीत.

म्हणूनच वाचणारे लोक आपल्या वाचनात खुणा करतात. पुसट किंवा शंकास्पद अक्षर चौकटी कंसात. कोरणाऱ्याची चूक दुरुस्त केली तर ती गोल कंसात. मुळात नसलेलं, संदर्भाने भरलेलं अक्षर चांदणी लावून. हे कंस पाहून अनेकांचा विरस होतो, वाचायला अडखळतं म्हणून पाटीवर किंवा लेखात ते काढून टाकतात. असं केलं की ‘बहुधा’चं ‘नक्की’ होतं. भाषांतरातही हे कंस उतरले पाहिजेत. मूळ नावातली दोन अक्षरं शंकास्पद असतील तर भाषांतरातलं नावही त्याच कंसात हवं, कुरूप दिसलं तरी.

एक छोटी गोष्ट श्रवणबेळगोळची. गोमटेश्वराच्या पायाजवळच्या त्या प्रसिद्ध मराठी ओळी बहुतेकांना शाळेपासून पाठ असतात : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. दुसऱ्या ओळीतलं ‘सुत्ताले’ कोणत्याही मराठी कोशात शोधून फारसा उपयोग नाही. तो कन्नडमधून आलेला शब्द आहे, अर्थ मूर्तीभोवतीचं आवार, ओवऱ्या. तिथे शेजारीच कन्नड आणि तमिळमध्ये त्याच मजकुराच्या ओळी आहेत, त्यामुळे ताळा करता येतो. ‘करवियलें’ म्हणजे करवलं, करून घेतलं, ‘केलं’ नव्हे. चावुंडरायाने छिन्नी हातात घेतली नव्हती. आणि या ओळींत वर्ष कोरलेलंच नाही. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची म्हणून पहिली ओळही तेव्हाचीच, असं सांगितलं जातं. पण दोन्ही ओळींचं वळण सारखं असल्याने त्या एकाच वेळी, गंगराजाच्या काळात, बाराव्या शतकात कोरल्या असाव्यात असंही म्हणता येतं. अक्षराचं वळण पाहून काळ सांगणं हेही तज्ज्ञाचंच काम, आणि तिथेही पन्नास-शंभर वर्षं इकडेतिकडे होतात.

सोलापूर-कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की तुमच्याकडचा ‘जुन्या लिपीतला’ दगड बऱ्याचदा हळेकन्नडमधला असतो. तो मराठी समजून गिरवत बसलं तर एकही शब्द लागत नाही आणि दोष दगडाला दिला जातो. फोटो पाठवण्याआधी लिपी कोणती एवढं जरी विचारून घेतलं तरी पुढची चार पत्रं वाचतात.

माझ्या फोटोकडे परत येतो. स्नेही स्वतः गावी गेले नाहीत, पण भाच्याला सूचना पाठवल्या. दगडाची मागची बाजू रंगवायची राहिली होती आणि तिथेही तीन ओळी होत्या, हे कोणी सांगितलंच नव्हतं! त्या रात्री टॉर्च लावून काढलेल्या फोटोंतून त्या ओळींचं बऱ्यापैकी वाचन झालं. खालची शेंदूर फासलेली आकृती म्हणजे गद्धेगाळ निघाली : हे दान जो मोडील त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होवो, असा शाप कोरलेला. गावात त्याला देव म्हणून नारळ फोडत होते. मागच्या ओळींत दान मोडणाऱ्याबद्दलच मजकूर आहे. पुढच्या बाजूचं वाचन अर्धवटच राहिलं. रंगाखाली नेमकं काय आहे ते ठसा घेतल्याशिवाय सांगणार नाही, असं स्नेह्यांनी कळवलं. पाटी अजून लागलेली नाही. आणि दगडाखाली गुप्तधन असतं ही समजूत त्या गावात पक्की आहे, म्हणून गावाचं नाव मी इथे देत नाही.

तुमच्या गावात असा दगड असेल तर तो हलवू नका, घासू नका, त्यावर रंग, खडू, तेल काहीही लावू नका. चारी बाजूंचे फोटो काढा, मागची आणि जमिनीत गेलेली बाजूही बघा. प्रत्येक ओळीचा जवळून एक फोटो, शेजारी मोजपट्टी. आणि रात्री टॉर्चने चार दिशांनी चार. कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला, दगड केवढा, हे सोबत लिहा. ते राज्याच्या पुरातत्त्व विभागाला, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा डेक्कन कॉलेजला पाठवा. कन्नड किंवा आणखी कोणत्या लिपीचा संशय असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शिलालेख शाखा म्हैसूरला आहे. वाचन कंसांसकट हातात आलं, की मग भाषांतराला माझ्यासारख्याकडे या. ते काम एका दुपारचं असतं.